धाकट्या भावाची पहिली नोकरी, थेट चेन्नईकडे. मेसेज लिहिलाय, जरा बघता का?

लातूरची_ताई

नमस्कार मंडळी. आमचा बाळ्या (घरातलं नाव, खरं सांगितलं तर तो मला ब्लॉक करंल) मेकॅनिकल होऊन वर्षभर घरी बसला होता, आता श्रीपेरुंबुदुरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागलाय. १६ जूनला सोमवारी जॉइनिंग. आजवर हा पोरगा एकटा सोलापूरच्या पुढे गेलेला नाही. स्टेशनवर बोलायला गेलं की माझा गळा दाटतो आणि तो खिडकीतून मोबाईल बघत बसतो, म्हणून मेसेजच लिहून ठेवलाय, गाडी सुटली की पाठवणार. लांब झालाय का, काय काढू काय घालू ते सांगा.

"बाळ्या, गाडी सुटल्यावर मम्मी रडंल. पप्पा 'पाण्याची बाटली घेतली का' असं तीनदा विचारतील, ते त्यांचं रडणंच आहे असं समज. मी रडणार नाही कारण आता ती खोली माझी झाली. शेंगदाण्याची चटणी दोन डब्यात दिलीय, एक रूममधल्या पोरांना काढ, दुसरा कपड्यांच्या खाली ठेव आणि त्याबद्दल कुणाला बोलू नको. इंग्रजी अडलं तर अडू दे, मशीनला इंग्रजी येत नाही. ओरिजिनल मार्कशीट सगळे निळ्या फाईलमध्ये आहेत, ऑफिसात मागितले की देऊन टाक, नवीन माणसानं हुज्जत घालू नये. तुझ्या खात्यात १० हजार टाकलेत, महिनाअखेरीला पगार होईलच, तोवर पुरव. पहिल्या पगारात मम्मीला साडी घे. मला काही नको. हेडफोन चालतील. रोज फोन केला नाहीस तरी चालंल, पण मम्मीनं केला की उचल, नाहीतर ती तुझ्या एचआरचा नंबर शोधून काढंल, तिला ते जमतं."

वैतागवाडी

छान आहे पण लांब आहे. आजकालची पोरं तीन ओळींच्या वर वाचत नाहीत. व्हॉइस नोट टाका.

जर्सीची_मावशी

अगं किती गोड लिहिलंयस. माझा मुलगा मास्टर्सला गेला तेव्हा मी त्याला कुकरच्या शिट्ट्यांचा तक्ता लॅमिनेट करून दिला होता, तूर डाळ चार, हरभरे आठ वगैरे. तिकडे त्याच्या घरमालकिणीने पहिल्याच शिट्टीला फायर ब्रिगेडला फोन लावला.

खवय्या

चटणीचा दुसरा डबा लपवायची आयडिया सोलापुरी मुत्सद्देगिरी आहे. मेसेजमध्ये एवढं घाला की तिकडे पानावर जेवायला बसला की भात वाढणारा थांबत नाही, त्याला 'पोडा' म्हणायचं, म्हणजे पुरे.

ओरगडम_रिटर्न

खवय्या, त्याला मार खायला घालाल तुम्ही 😂 पुरे म्हणजे 'पोदुम'. 'पोडा' म्हणजे चल निघ, चालता हो. वाढणाऱ्या काकांना हे म्हणालं तर भात थांबेल हे मात्र खरं. नको म्हणायला 'वेंडाम'. आणि मोठ्या माणसाला 'अण्णा' म्हणायचं, ते आपल्याकडेही चालतंच, तेवढा एक शब्द घरूनच पाठ.

ताई, मी त्याच पट्ट्यात चार वर्षं काढलीत. पोरगा सुखात राहील, शॉप फ्लोअरवरची माणसं चांगली आहेत, अर्धी आपल्यासारखीच बाहेरची. मी गेलो तेव्हा आठवड्यातच भाकरीची आठवण यायला लागली. ज्वारीला तिकडे 'चोळम' म्हणतात एवढं कुणीतरी सांगितलेलं. दुकानात चोळम मागितलं, त्यानं मक्याचं पीठ दिलं, कारण मक्याला 'मक्का चोळम' म्हणतात आणि बाहेरच्या माणसाला तेच पाहिजे असणार असं त्याला वाटलं. घरी येऊन थापायला बसलो तर भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन जिल्हे झाले. तेव्हा पीठ उघडून बघून घ्यायचं.

पगारवाली

ताई, मेसेज मस्त आहे, खोली माझी झाली ही ओळ अजिबात काढू नका. पण मी पुण्यात १४ वर्षं पेरोलमध्ये काम करते आणि तुमची एक ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. 'महिनाअखेरीला पगार होईलच.' बहुतेक नाही होणार हो.

काय होतं सांगते. पगार ३० तारखेला होत असला तरी त्याचा हिशोब १८-२० तारखेलाच बंद होतो, काही ठिकाणी १५ लाच. तुमचा भाऊ १६ ला जॉइन. पहिले दोन दिवस मेडिकल, फॉर्म, सेफ्टी ट्रेनिंग. मग सॅलरी अकाउंट उघडणार, ते कंपनीच्या ठरलेल्या बँकेत, त्याला आठवडाभर सहज जातो. तोवर आमच्याकडे जूनचं दार बंद झालेलं असतं. मग त्याचे जूनचे १५ दिवस जुलैच्या पगारात जोडून ३१ जुलैला येतात. म्हणजे घरून निघाल्यापासून दीड महिना त्याच्या हातात कंपनीचा एक रुपया नाही. दर वर्षी जून-जुलैत आमच्याकडे चार-पाच पोरं चेहरा पाडून येतात, मॅडम माझा पगारच आला नाही. एकानं तर मला काढलं का असं विचारलं होतं.

१० हजार पुरणार नाहीत. रूमचं काय ठरलंय?

लातूरची_ताई

अगं बाई. पीजी बघितलंय त्याच्या मित्रानं, जेवणासहित ६,५०० महिना, एक महिन्याचं डिपॉझिट. मला वाटलं ३० तारखेला पगार आला की डिपॉझिट देईल तो.

पगारवाली

चला मांडूया. डिपॉझिट ६,५००. जूनचं अर्धं भाडं ३,२५०, काही पीजीवाले अर्धं मान्य करत नाहीत, पूर्ण घेतात, आधी विचारा. जुलैचं ६,५००. झाले १६,२५०. गादी, बादली, उशी, चादर, प्लग अशी किरकोळ भर दीड-दोन हजार. रविवारी संध्याकाळी पीजीत जेवण नसतं बहुतेक ठिकाणी, त्यात रिक्षा, सिमचा रिचार्ज, एखादं औषध, दीड महिन्यात तीन हजार धरा. २१ हजाराच्या पुढे गेलं. माझं म्हणणं २५ द्या, पण एकदम नको. १५ आत्ता आणि १० जुलैच्या पाच तारखेला, म्हणजे जूनमध्येच शूज घेऊन मोकळा होणार नाही.

वैतागवाडी

घाबरवू नका हो त्यांना. ताई पॅकेज किती आहे? महिना किती ते बघा, एक पगार झाला की सगळं फिटतं.

लातूरची_ताई

३ लाख ६० हजार.

वैतागवाडी

म्हणजे महिना ३० हजार हातात. मजा आहे पोराची. आमच्यावेळी ४ हजारावर होतो.

पगारवाली

हातात ३० नाही हो. तो कंपनीचा खर्च झाला, पोराचा पगार नाही. पत्रात बेसिक किती आहे, ताई?

लातूरची_ताई

बेसिक १५,०००. खाली एम्प्लॉयर पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी ७२१ असं लिहिलंय. मला वाटलं ते वरचे मिळणार.

पगारवाली

उलट. ते ३० मधूनच बाजूला काढलेत. ३०,००० तून १,८०० आणि ७२१ गेले, राहिले २७,४७९. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ परत १,८००, बेसिकच्या १२ टक्के. हातात साधारण २५,६७९, कॅन्टीन किंवा मेडिक्लेमचे काही कापले तर २५ च्या आसपास. यात फसवणूक नाही, दोन्हीकडचे पीएफ त्याचेच आहेत, फक्त आज हातात नाहीत. ग्रॅच्युइटीचं मात्र तसं नाही, ती ठरलेली नोकरीची वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही, पत्रात छापतात आणि पोरं खर्चात धरतात.

आता गंमत बघा. ३१ जुलैला त्याला ४५ दिवसांचे एकदम येणार, म्हणजे साधारण ३८ हजार. हा आकडा त्याच्या डोक्यात पगार म्हणून बसतो. मग ३१ ऑगस्टला २५ येतात आणि पोरगं घाबरतं, पगार कापला म्हणून. आणि तामिळनाडूत प्रोफेशनल टॅक्स आपल्यासारखा दरमहा २०० नसतो, सहा महिन्यांचा एकदम कापतात, तो ज्या महिन्यात लागेल त्या महिन्यात अजून थोडे कमी. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

वैतागवाडी

बरं बाई, तुमचंच खरं. माझ्या स्लिपवर चार कॉलम होते, त्यातले दोन सही करायला.

होतकरू_९८

ताई कंपनीत व्हेकन्सी आहे का अजून? माझा पण डिप्लोमा मेकॅनिकल आहे, ६८ टक्के. रेझ्युमे कुठे पाठवू?

लातूरची_ताई

दादा मी तिथे कामाला नाही, मी फक्त बहीण आहे 🙏

बेळगावचा_बंड्या

माझा मुद्दा वेगळा. ओरिजिनल मार्कशीट 'मागितले की देऊन टाक' हे वाक्य आधी खोडा. माझ्या पहिल्या कंपनीनं दोन वर्षांचा बाँड म्हणून ओरिजिनल डिग्री ठेवून घेतली. दुसरीकडे जॉब लागला तेव्हा ती सोडवायला पाच महिने खेटे घातले, तोवर दुसरा जॉब गेला. त्या पाच महिन्यात मी त्या ऑफिसच्या वॉचमनच्या पोराच्या बारशाला पण जाऊन आलो एवढी ओळख झाली.

पगारवाली

बंड्याशी सहमत. ओरिजिनल दाखवायची, समोर बसून त्यांनी झेरॉक्सशी ताडून बघायची, फाईल घेऊन परत यायचं. हुज्जत घालायची गरज नाही, 'सर घरच्यांनी अजून एका कामासाठी परत मागवलेत, आजच तपासून द्या' एवढं पुरतं.

जुनं_खोड

मी ठेवले होते ओरिजिनल, तीन वर्षांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे मिळाले. सगळ्या कंपन्या चोर नसतात. आणि आधीच वर्षभर घरी बसलेल्या पोरानं पहिल्याच दिवशी नाही म्हणावं आणि त्यांनी पत्र मागे घ्यावं, मग काय करायचं? तुम्ही सगळे नोकरीला चिकटून बसलेले लोक सल्ले देताय.

बेळगावचा_बंड्या

काका तुम्हाला मिळाले म्हणून सगळ्यांना मिळतात असं नाही ना.

जुनं_खोड

आणि तुला नाही मिळाले म्हणून कुणालाच मिळत नाहीत असंही नाही. असो.

बाकी चेन्नई म्हणजे आमच्या वेळचं मद्रास. १९८८ साली मी ट्रिप्लिकेनला राहायचो, तिथल्या एकट्या पुरुषांच्या लॉजिंगला 'मॅन्शन' म्हणतात. मी घरी पत्र लिहिलं, अमुक मॅन्शनमध्ये खोली मिळाली. वडिलांनी अख्ख्या आळीत सांगितलं, पोरगा बंगल्यात राहतो. आठ बाय दहाची खोली, तिघे जण, मजल्याला एक नळ. चुलते बघायला आले तेव्हा त्यांना बसायला म्हणून मी खाटेवरून उतरून जिन्यात बसलो. त्यांनी गावी जाऊन मात्र बंगलाच सांगितला, हे उपकार मी विसरलो नाही.

जर्सीची_मावशी

काका 😂😂 यावर वेगळा धागा काढा.

पगारवाली

मूळ मुद्द्यावर. ताई, अजून एक गोष्ट आणि ही महाराष्ट्रातल्या पोरांना हमखास नडते. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी. तिकडच्या लोकांत आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. त्यामुळे तिथला एचआर मार्कशीटवरचा पहिला शब्द बघून तेच नाव समजतो. मग कंपनीत एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. आयकार्डावर आडनावानं हाक मारली तर काही बिघडत नाही, पण पीएफच्या यूएएनला आधारशी नाव जुळलं नाही की केवायसी अडते आणि नोकरी बदलताना पैसे काढायला गेलं की कळतं. मग जॉइंट डिक्लरेशन, सह्या, चकरा. बाळ्यानं जॉइनिंगचा फॉर्म आधार समोर ठेवून भरायचा, स्पेलिंगसकट. आधी कुठे पीएफ कापला गेला होता का त्याचा?

लातूरची_ताई

हो! एमआयडीसीत दोन महिने होता कॉन्ट्रॅक्टरकडे. तेव्हाची एक स्लिप आहे.

पगारवाली

मग त्याचा यूएएन आधीच निघालेला असणार, तो नंबर जन्मभर एकच. फॉर्म ११ मध्ये 'आधी सदस्य होतो' असं लिहून तो नंबर द्यायचा. पोरं कंटाळून 'नाही' वर टिक करतात आणि मग दोन नंबरांचा घोळ होतो. स्लिपवर बघा, बारा आकडी असेल.

वैतागवाडी

ट्रेनी असेल तर पीएफ नसतोच. माझ्या भाच्याला नव्हता.

पगारवाली

भाचा अप्रेंटिस असणार, अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्याला स्टायपेंड मिळतो आणि पीएफ नसतो. पण नुसतं 'ट्रेनी' लिहिलं म्हणून कुणी अप्रेंटिस होत नाही. यांच्या पत्रात पीएफ छापलाय, म्हणजे आहे.

ओरगडम_रिटर्न

सगळ्यांनी पैशाचं सांगितलं, मी भाऊबीजेचं सांगतो. तिकडे दिवाळी एकच दिवस, नरक चतुर्दशीला. पहाटे तेलाची अंघोळ, फटाके, नवे कपडे, दुसऱ्या दिवशी शिफ्ट. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज म्हणून सुट्टी मागितली तर सुपरवायझर विचारतो, अजून किती दिवस दिवाळी? कंपनीची मोठी सुट्टी जानेवारीत पोंगलला. मी पहिल्या वर्षी गाफील राहिलो आणि भाऊबीजेला ओरगडमच्या बसस्टॉपवर पावसात उभा होतो, कारण तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बहिणीनं व्हिडिओ कॉलवर मोबाईलला ओवाळलं.

म्हणून जॉइन झाल्यावर महिनाभरात सुपरवायझरला सांगून ठेवायचं की पोंगलला मी शिफ्ट करतो, मला दिवाळीत चार दिवस द्या. तिकडच्या पोरांना पोंगलला घरी जायचं असतं, ते आनंदानं अदलाबदल करतात. आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला बसायचं.

लातूरची_ताई

दादा तुम्ही रडवलंत. मी सगळ्यात आधी हेच विचारायला पाहिजे होतं.

नवीन मेसेज असा केलाय:

"बाळ्या, खोली आता माझी. पप्पांनी बाटलीचं तीनदा विचारलं ते विसरू नको. चटणीचा दुसरा डबा कपड्यांखाली. जून अखेरीला पगार नाही आला तर तुला काढलेलं नाही, जुलैत दोन्ही मिळून येईल, १५ हजार टाकलेत आणि ५ जुलैला अजून १० टाकते, मधे शूज दिसले तर डोळे मिट. फॉर्म भरताना आधार समोर ठेव, निळ्या फाईलमध्ये जुनी स्लिप आहे तिच्यावरचा बारा आकडी नंबर लिही. मार्कशीट दाखव आणि परत घे, अगदीच अडून बसले तर बाहेर येऊन मला फोन लाव, मग ठरवू. पुरे म्हणजे पोदुम. दुसरा शब्द कुणी शिकवला तर वापरू नको. पोंगलला तू काम करायचंस, भाऊबीजेला घरी. हेडफोन नंतर बघू."

वैतागवाडी

हाही लांबच आहे.

खवय्या

'दुसरा शब्द' म्हणजे मी ना? 😔

लातूरची_ताई

धागा वर काढतेय, आज २ ऑगस्ट. ३० जूनला खरंच काही आलं नाही. बाळ्याच्या रूममधल्या दोघांनी घरी फोन करून रडारड केली म्हणे आणि हा त्यांना पेरोल समजावत बसला, जणू यानंच कंपनी काढली. परवा ३८ हजार दोनशे आले. मार्कशीट मात्र ठेवून घेतले, सहा महिन्यांनी देतो म्हणाले, लेखी पोच दिलीय. मला फोन लावला होता त्यानं, पण मी मीटिंगमध्ये होते. आता काय करावं?

बेळगावचा_बंड्या

पोच कंपनीच्या लेटरहेडवर आहे का साध्या कागदावर? शिक्का आहे का?

जुनं_खोड

पोच आहे ना, मग सहा महिने गप्प बसा.

पगारवाली

पोचेचा फोटो काढून ठेवायला सांगा आणि त्यावर प्रत्येक कागदाचं नाव लिहिलंय का बघा. नुसतं 'डॉक्युमेंट्स' लिहिलं असेल तर एचआरला साधी ईमेल टाकायची, अमुक तारखेला ही ही कागदपत्रं दिली, एवढंच. सहा महिने म्हणजे डिसेंबर. तेव्हा इथे परत या.

ओरगडम_रिटर्न

आणि सुट्टीचं? अदलाबदल झाली का?

लातूरची_ताई

झाली. सेल्व्हम म्हणून कुणी आहे, तो पोंगलला घरी जाणार आणि दिवाळीत याची शिफ्ट करणार, बदल्यात त्यानं चटणीचा दुसरा डबा मागितलाय. त्याला कुठून कळलं कुणास ठाऊक. मम्मी आत्ता दाणे भाजतीय.